एक कॉल घ्यायचा, एक विकायचा

2024 च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘इंडिया व्हीआयएक्स’ 10 च्या आसपास होता. पुढचे तीस दिवस निफ्टी किती हेलकावे खाईल, याबद्दल ऑप्शनचे खरेदीदार आणि विक्रेते काय समजून चालले आहेत, ते हा आकडा सांगतो. लोकसभा निवडणुकीचा निकाल जवळ येऊ लागला तसा तो चढत गेला आणि 3 जूनला 20 च्या वर होता. एग्झिट पोलच्या जोरावर त्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक वाढून 23,263.90 वर बंद झाला होता. बाजार वर जाणार असे वाटणाऱ्याला कॉल घ्यायचा मोह होणे साहजिक होते. मात्र त्या कॉलची किंमत सहा आठवड्यांपूर्वीच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाली होती. बाजाराच्या जवळच्या स्ट्राइकचे प्रीमियम साधारण व्हीआयएक्सच्या प्रमाणातच वाढते.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि निफ्टी 1,379.40 अंकांनी कोसळून 21,884.50 वर आला. 7 जूनला तो पुन्हा 23,290.15 वर, म्हणजे 3 जूनच्या पातळीच्याही वर बंद झाला. तेजीचा अंदाज चुकला नव्हता, चार दिवस उशिरा खरा ठरला होता. तरीही 3 जूनला महाग कॉल घेतलेल्यांपैकी अनेकांना 7 जूनला आपले पैसे परत मिळालेले दिसले नाहीत. निफ्टी परतला होता, पण व्हीआयएक्स 5 जूनलाच 20 च्या खाली आला होता आणि नंतर आणखी उतरत गेला. भीती ओसरली आणि त्या भीतीपोटी दिलेले जादा प्रीमियमही तिच्याबरोबर गेले.

कॉल घेण्याचा अनुभव असलेल्या ट्रेडरला ही अडचण नवी नाही. दिशा बरोबर असते, पण प्रीमियम इतके मोजलेले असते की बाजार नुसता वर जाऊन भागत नाही. तो पुष्कळ वर जावा लागतो आणि लवकर जावा लागतो. बुल कॉल स्प्रेड ही रचना या अडचणीवर नेमकी बसते. तिच्यात खर्च कमी होतो. त्या बदल्यात नफ्यालाही छत पडते, आणि ते छत कुठे घालायचे हे ट्रेडर स्वतः ठरवतो.

सौद्याचा हिशेब

रचना सोपी आहे. एकाच निर्देशांकाचे किंवा शेअरचे, एकाच एक्स्पायरीचे दोन कॉल असतात. खालच्या स्ट्राइकचा कॉल विकत घ्यायचा आणि वरच्या स्ट्राइकचा विकायचा. दोन्हीकडे लॉटची संख्या सारखीच ठेवायची.

हिशेबासाठी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. निफ्टी 25,000 वर आहे, एक्स्पायरीला वीस दिवस आहेत आणि बाजार शांत आहे, म्हणजे व्हीआयएक्स 12 च्या आसपास आहे. अशा वेळी 25,000 चा कॉल साधारण 320 रुपयांना मिळेल आणि 25,300 चा कॉल 190 रुपयांना विकता येईल. लॉट 75 चा धरू. 2025 मध्ये निफ्टीचा लॉट बराच काळ तेवढाच होता. शेअर बाजार तो वेळोवेळी बदलतो, त्यामुळे सौद्याच्या दिवशीचा आकडा तपासून घ्यावा लागतो.

ट्रेडर 320 देतो आणि 190 घेतो. खिशातून निव्वळ 130 रुपये जातात. लॉटला गुणले की 9,750 रुपये होतात. या सौद्यातला जास्तीत जास्त तोटा एवढाच. निफ्टी एक्स्पायरीला 25,000 वर किंवा त्याखाली कुठेही बंद झाला तरी दोन्ही कॉल कोरे होतात आणि दिलेले 9,750 रुपये जातात, त्याहून अधिक काही जात नाही.

वरच्या बाजूला निफ्टी 25,300 ला पोहोचला की घेतलेला कॉल 300 रुपयांचा होतो आणि विकलेला शून्याचा. 300 मधून खर्चाचे 130 वजा केले की 170 रुपये उरतात, म्हणजे लॉटमागे 12,750 रुपये. निफ्टी त्याच्याही वर गेला तर घेतलेला कॉल जितका वाढतो तितकेच विकलेल्या कॉलचे देणे वाढते. त्यामुळे 25,300 नंतर नफा एका रुपयानेही वाढत नाही. ना नफा ना तोटा अशी पातळी येते 25,130 वर, म्हणजे खालच्या स्ट्राइकमध्ये निव्वळ खर्च मिळवला की येणारा आकडा.

आता शेजारी नुसता 25,000 चा कॉल ठेवून पाहिला की फरक कळतो. त्याला 24,000 रुपये लागतात आणि तो 25,320 च्या वर गेल्यावरच फायद्यात येतो. एक्स्पायरीला निफ्टी 24,800 वर असेल तर कॉलवाल्याचे 24,000 जातात आणि स्प्रेडवाल्याचे 9,750. निफ्टी बरोबर 25,300 वर बंद झाला, म्हणजे 300 अंकांची चांगली तेजी झाली, तरी कॉलवाला 1,500 रुपये तोट्यात असतो; स्प्रेडवाल्याच्या हाती त्या वेळी 12,750 चा पूर्ण नफा असतो.

मग नुसता कॉल वरचढ ठरतो कुठे? 25,490 च्या वर. त्या पातळीला दोघांचाही नफा 12,750 असतो आणि तिथून पुढे कॉलवाला पळत सुटतो. निफ्टी 25,800 वर गेला तर त्याला 36,000 रुपये मिळतात आणि स्प्रेडवाला 12,750 वरच थांबलेला असतो. 25,490 हा आकडा काढायला सूत्रांची गरज नाही. विकलेल्या कॉलचा स्ट्राइक 25,300 आणि त्याचे मिळालेले प्रीमियम 190 यांची ती बेरीज आहे.

स्प्रेड घ्यायचा की नुसता कॉल, हा प्रश्न म्हणून एका वाक्यात मावतो: या एक्स्पायरीपर्यंत निफ्टी 25,490 च्या पलीकडे जाईल, असे मानायला काही ठोस कारण आहे का? असेल तर छत घालून घेणे चुकीचे. नसेल, तर ज्या उंचीवर बाजार पोहोचेल असे स्वतःलाच वाटत नाही, त्या उंचीवरच्या नफ्यासाठी ट्रेडर 190 रुपये मोजत असतो. स्प्रेडमध्ये तो हाच न वाटणारा नफा दुसऱ्याला विकतो आणि त्याचे पैसे आज घेतो.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त

130 रुपये देऊन 170 कमावण्याची संधी आकर्षक दिसते. पण असे दिसणारे गुणोत्तर बाजार कोणाला भेट म्हणून देत नाही. निव्वळ खर्चाला दोन स्ट्राइकमधल्या अंतराने भागले, तर बाजार या तेजीला किती शक्यता देतो आहे याचा ढोबळ अंदाज मिळतो. इथे 130 भागिले 300, म्हणजे साधारण 43 टक्के. अर्थात अशा सौद्यात बाजाराच्या दृष्टीने यश आणि अपयश जवळपास समसमान आहे, पारडे किंचित अपयशाकडे झुकलेले आहे. म्हणूनच जिंकल्यावर हरल्यापेक्षा थोडे जास्त मिळते.

स्ट्राइक सरकवले की हे पारडे कसे हलते ते पाहण्यासारखे आहे. त्याच निफ्टीवर, त्याच वीस दिवसांसाठी 24,700 चा कॉल 510 ला घेतला आणि 25,000 चा 320 ला विकला तर खर्च 190 येतो आणि कमाल नफा 110. गुणोत्तर वाईट दिसते, पण निफ्टी आहे तिथेच राहिला तरी पूर्ण नफा मिळतो आणि तोटा सुरू व्हायला तो 24,890 च्या खाली जावा लागतो. उलट 25,300 चा कॉल 190 ला घेऊन 25,600 चा 100 ला विकला तर खर्च फक्त 90 आणि कमाल नफा 210. मात्र त्यासाठी निफ्टीला आधी 390 अंक चढून बरोबरीला यावे लागते. पहिल्या रचनेत खर्च अंतराच्या 63 टक्के आहे, दुसरीत 30 टक्के. तिन्ही रचना आपापल्या जागी रास्त आहेत. त्यातली एक ‘स्वस्त’ आणि दुसरी ‘महाग’ असे म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

मध्यम अनुभवाच्या ट्रेडरची इथे एक नेहमीची चूक होते. तो 90 रुपयांची रचना तिची किंमत पाहून निवडतो. निफ्टी 300 अंक चढतो, अंदाज खरा ठरतो आणि तरी एक्स्पायरीला दोन्ही कॉल कोरे जातात, कारण 25,300 हे त्याच्या रचनेचे दार होते. त्यामुळे निवड किमतीपासून सुरू न करता लक्ष्यापासून करावी लागते. चार्टवरचा अडथळा, आधीचा उच्चांक किंवा स्वतःचा अभ्यास सांगत असेल की निफ्टी 25,300 पर्यंत जाऊन अडखळेल, तर विकायचा कॉल 25,300 चा. घ्यायचा कॉल आजच्या भावाच्या जवळचा. मग त्या रचनेचा खर्च परवडतो का ते पाहायचे, आणि परवडत नसेल तर सौदा सोडून द्यायचा.

वेळ आणि भीती यांचा परिणाम

बुल कॉल स्प्रेडचा खरा स्वभाव एक्स्पायरीच्या दिवशीच्या आकड्यांत दिसत नाही. तो मधल्या दिवसांत दिसतो.

समजा दहा दिवस गेले आणि निफ्टी अजून 25,000 वरच रेंगाळतो आहे. 25,000 चा कॉल 320 वरून 220 च्या आसपास उतरलेला असेल. नुसता कॉल घेतलेल्याचे लॉटमागे 7,500 रुपये गेलेले असतील, आणि तेही बाजार एक अंकही खाली न जाता. याच काळात 25,300 चा विकलेला कॉलही 190 वरून 95 च्या जवळ आलेला असतो. दोन्हींतला फरक साधारण 125 राहतो. स्प्रेडवाल्याचे नुकसान पाच रुपयांचे, म्हणजे लॉटमागे चारशेच्या आतले. एका कॉलची झीज दुसऱ्या कॉलच्या झिजेने भरून निघालेली असते.

ही सवलत कायमची नाही. निफ्टी 25,000 वरच थांबला तर उरलेल्या दहा दिवसांत हेच 125 रुपये शून्यावर येतात. पहिल्या दहा दिवसांत स्प्रेड जवळजवळ हलत नाही, म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला शेवटचा आठवडा महागात पडतो. अंदाजाला गती येत नसेल तर बाहेर पडण्याचा काळ मधला असतो. तेव्हा गुंतवलेले बरेचसे पैसे अजून परत मिळू शकतात.

व्हीआयएक्सच्या चढउताराचेही असेच. आपल्या उदाहरणात बाजाराची अपेक्षित अस्थिरता 12 वरून 9 वर आली, बाकी काहीच बदलले नाही, तर 320 चा कॉल 250 च्या आसपास येतो. विकलेला कॉलही तेवढाच, सुमारे 70 रुपयांनी उतरतो. फरक पुन्हा 130 च्या जवळच. 2024 च्या जूनसारख्या दिवसांत ही बाब कळीची ठरते. निकाल, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचे पतधोरण यांच्या आदल्या दिवशी प्रीमियम फुगलेले असते आणि घटना घडून गेली की ते उतरते. नुसत्या कॉलवाल्याला दिशेबरोबरच या उतरणीशीही झुंजावे लागते. स्प्रेडवाल्याने महाग माल घेतला तसा महाग माल विकलाही असतो, त्यामुळे त्याला मुख्यतः दिशेचीच काळजी करावी लागते.

आता उलट प्रसंग. आठ दिवसांतच निफ्टी 25,300 ला जाऊन भिडतो. लक्ष्य गाठले, म्हणून ट्रेडर आनंदाने स्क्रीन पाहतो, आणि 12,750 ऐवजी तिथे साधारण 4,500 रुपयांचा नफा दिसतो. कुठे काही चुकले असेल म्हणून तो ब्रोकरच्या मदत केंद्राला फोन करतो. चुकलेले काहीच नसते. एक्स्पायरीला बारा दिवस बाकी असल्याने 25,000 चा कॉल 440 च्या आसपास असतो, पण 25,300 चा कॉलही आता ऐन भावावर आल्यामुळे 250 च्या जवळ असतो. फरक 190, त्यातून खर्चाचे 130 गेले की 60 रुपये. पूर्ण 170 मिळायला विकलेल्या कॉलमधले उरलेले 250 रुपये विरघळावे लागतात आणि त्याला दिवस लागतात. नुसता कॉल घेतलेला या क्षणी लॉटमागे 9,000 रुपये नफ्यात असतो.

म्हणजे अचानक मोठी उसळी येईल असा अंदाज असेल तर स्प्रेड हे चुकीचे साधन आहे. तो संथ, पण ठरलेल्या टप्प्यापर्यंत जाणाऱ्या तेजीसाठी आहे. लक्ष्य लवकर गाठले गेल्यावर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे हाती आलेला एक तृतीयांश नफा घेऊन मोकळे होणे. दुसरा म्हणजे निफ्टी 25,300 च्या वर टिकेल या भरवशावर थांबणे. थांबणाऱ्याने लक्षात ठेवायचे की आता तो वाढीची वाट पाहत नाही. बाजार खाली येऊ नये एवढेच त्याला हवे आहे. हा निराळा अंदाज आहे आणि त्याला निराळे कारण लागते.

एक तिसरा मार्गही पुष्कळांना सुचतो: विकलेला कॉल परत घेऊन टाकायचा आणि घेतलेला मोकळा धावू द्यायचा. इथे तो 190 ला विकलेला कॉल 250 ला परत घ्यावा लागेल. गुंतलेली रक्कम 130 वरून 380 रुपयांवर जाईल आणि 25,380 च्या खाली एक्स्पायरी झाली तर तोटा. खर्चाला लावलेली मर्यादा त्या क्षणी संपते. 25,300 ला पोहोचलेला बाजार आणखी वर जाईलच असे वाटत असेल, तर तो नवा सौदा आहे आणि त्याचा हिशेब नव्याने मांडायला हवा.

ऑर्डर कुठली आधी

कागदावर दोन्ही कॉल एकाच क्षणी घडतात, प्रत्यक्षात एकामागून एक. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आत जाताना आधी खालच्या स्ट्राइकचा कॉल घ्यायचा, मग वरचा विकायचा. उलट केले तर विक्रीच्या क्षणी ती एकटी, बिनसंरक्षणाची शॉर्ट पोझिशन असते आणि ब्रोकर तिच्यासाठी लाखाच्या वरचे मार्जिन मागतो. खात्यात तेवढे पैसे नसतील तर ऑर्डर नाकारली जाते. घेतलेला कॉल आधीच खात्यात असला की क्लिअरिंग कॉर्पोरेशनची प्रणाली दोन्ही पोझिशन एकत्र मोजते आणि मार्जिन खूप कमी लागते. जून 2020 मध्ये लागू झालेल्या नव्या मार्जिन पद्धतीनंतर अशा हेज केलेल्या पोझिशनना मिळणारी सवलत बरीच वाढली.

बाहेर पडताना क्रम उलटा. आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. घाईत घेतलेला कॉल आधी विकला, तर उरते ती नुसती शॉर्ट पोझिशन, आणि तिचा तोटा मोजायला वर मर्यादाच नसते. ज्या रचनेचा सगळा आधार मर्यादित तोटा हाच आहे, तिची मर्यादा अशा एका चुकीच्या क्लिकने निघून जाते. बहुतेक ब्रोकरकडे असलेली बास्केट ऑर्डरची सोय इथे उपयोगी पडते. ती दोन्ही ऑर्डर लागोपाठ पाठवते आणि एकत्रित मार्जिन आधीच दाखवते. तरीही दोन्ही ऑर्डर एकाच भावाच्या हमीने पूर्ण होतील असे नाही. म्हणून मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर द्यावी आणि दोन्ही पूर्ण झाल्या की नाही ते ऑर्डर बुकमध्ये पाहावे.

मार्जिनबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. कमाल तोटा 9,750 असला म्हणून खात्यातले तेवढेच पैसे अडकतात असे नाही. विकलेल्या कॉलसाठी सवलतीनंतरही काही मार्जिन रोखले जाते, आणि ते या रकमेपेक्षा जास्त असू शकते. शिवाय सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी कराराच्या मूल्याच्या 2 टक्के जादा मार्जिन लागते. 25,000 च्या निफ्टीवर 75 च्या लॉटचे मूल्य 18,75,000 रुपये, त्याचे 2 टक्के म्हणजे 37,500. खात्यात अगदी जेमतेम पैसे ठेवून स्प्रेड घेतलेल्याला त्या दिवशी सकाळी मार्जिन कमी पडल्याचा संदेश येऊ शकतो.

खर्चाचा दुसरा भाग छोटा पण ठाम आहे. नुसत्या कॉलला दोन ऑर्डर लागतात, स्प्रेडला चार. ऑर्डरमागे 20 रुपये घेणाऱ्या ब्रोकरकडेही 80 रुपये दलाली, त्यावर जीएसटी, शेअर बाजाराचे शुल्क आणि विक्रीच्या प्रीमियमवर एसटीटी. 12,750 च्या संभाव्य नफ्यापुढे हे किरकोळ वाटते, पण 25,000 आणि 25,100 अशा जवळच्या स्ट्राइकचा स्प्रेड घेतला तर कमाल नफाच 50 रुपयांच्या आसपास असतो. त्यात चारही ऑर्डरमध्ये एकेक रुपया इकडे तिकडे झाला की नफ्याचा लक्षणीय हिस्सा तिथेच जातो.

आणि मोह लॉटचा. 24,000 रुपये नुसत्या कॉलवर घालायला तयार असलेला ट्रेडर स्प्रेड 9,750 ला मिळतो म्हटल्यावर दोन-तीन लॉट घेतो. तीन लॉटचा कमाल तोटा 29,250 होतो, म्हणजे नुसत्या कॉलपेक्षा जास्त. बाजार जागचा हलला नाही तर ही सगळी रक्कम जाते. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्या अभ्यासात आढळले की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी सुमारे 93 टक्के तोट्यात होते आणि त्यांचा सरासरी तोटा, व्यवहारखर्च धरून, सुमारे दोन लाख रुपये होता. स्प्रेडमुळे एका लॉटचा धोका आवरला जातो. लॉट किती घ्यायचे हे मात्र ट्रेडरच्याच हाती राहते, आणि आधी तोट्याची रक्कम ठरवून मग लॉट मोजले तरच खर्चाची मर्यादा खरोखर मर्यादा राहते.

शेअरचा स्प्रेड वेगळा

निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे आहेत. ते एक्स्पायरीलाच अमलात येतात आणि हिशेब रोखीत होतो. मुदतीपूर्वी विकलेला कॉल कोणी अंगावर टाकेल ही भीती नाही. एक्स्पायरीला निफ्टी दोन्ही स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला तरी फरकाचे पैसे खात्यात जमा होतात आणि विषय मिटतो.

शेअरच्या ऑप्शनचे तसे नाही. ऑक्टोबर 2019 पासून भारतातल्या सर्व शेअर ऑप्शनचा निवाडा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. समजा रिलायन्सचा 1,400 चा कॉल घेतला आणि 1,440 चा विकला, लॉट 500 शेअरचा. शेअर 1,460 वर बंद झाला तर दोन्ही कॉल अमलात येतात, घ्यायचे 500 शेअर आणि द्यायचे 500 शेअर एकमेकांत वळते होतात आणि फरक हाती येतो. शेअर 1,380 वर बंद झाला तर दोन्ही कोरे. पण तो 1,420 वर बंद झाला तर? विकलेला कॉल कोरा जातो आणि घेतलेला अमलात येतो. ट्रेडरला 500 शेअर 1,400 च्या भावाने घ्यावेच लागतात, म्हणजे सात लाख रुपये द्यावे लागतात. आणि शेअर ताब्यात येऊन विकेपर्यंत भाव पडला तर तो तोटा स्प्रेडच्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो.

याची चाहूल आधी लागते. एक्स्पायरी जवळ आली की अशा ‘इन द मनी’ शेअर कॉलवर डिलिव्हरीचे मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढू लागते आणि ब्रोकरचे संदेश येऊ लागतात. काही ब्रोकर खात्यात पुरेसे पैसे नसतील तर पोझिशन स्वतःहून काटतात, आणि त्या वेळी मिळणारा भाव त्यांच्या मर्जीचा नसतो आणि ट्रेडरच्याही नाही. शेवटच्या दिवसांत बऱ्याच शेअर ऑप्शनमध्ये घेणारे-विकणारे कमी होतात आणि खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंदावते. म्हणून शेअरवरचा बुल कॉल स्प्रेड घेणाऱ्याने बाहेर पडण्याची तारीख सौद्याच्या दिवशीच लिहून ठेवावी. ती एक्स्पायरीच्या किमान आठवडाभर आधीची असावी. त्या दिवशी आधी विकलेला कॉल परत घ्यावा आणि मग घेतलेला विकावा, नफा अजून अर्धाच दिसत असला तरी.